जाळीतून वर येणारं पाणी

जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने सलग तीन-चार तास झोडपलं, की मुंबईतल्या अनेक जुन्या इमारतींच्या तळमजल्यावर एकच प्रकार घडतो. घरातले सगळे नळ बंद असतात, तरी न्हाणीघराच्या जाळीतून आधी गुडगुड आवाज येतो, मग बुडबुडे आणि त्यामागोमाग काळपट, वास मारणारं पाणी. घरातली माणसं जाळीवर फडकी कोंबतात, वर पाट ठेवतात, पाटावर बादली ठेवतात. पाणी पाटाच्या कडेने येतच राहतं. पाऊस ओसरला, की दोन-तीन तासांत ते आपोआप उतरतं आणि मागे गाळ ठेवून जातं. दुसऱ्या दिवशी प्लंबर येतो आणि म्हणतो, “एनआरव्ही बसवून टाका.”

हा सल्ला अर्धा बरोबर आहे. एनआरव्ही म्हणजे नॉन-रिटर्न वॉल्व्ह, पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. ती बाहेरचं मैलापाणी खरोखर अडवते. पण ती मिटलेली असताना इमारतीतलं पाणीही बाहेर जात नाही, हे बसवताना बहुतेक वेळा कोणी सांगत नाही. म्हणून तिच्यावर पैसे घालण्याआधी पाणी उलटं का येतं, कुठपर्यंत चढू शकतं आणि झडपेच्या मागे काय साठणार आहे, हे समजून घ्यायला हवं.

पाणी येतं कुठून?

मुंबईत सांडपाण्याचं आणि पावसाच्या पाण्याचं जाळं वेगवेगळं आहे. घरातलं सांडपाणी मलवाहिनीतून उदंचन केंद्राकडे जातं. रस्त्यावरचं पावसाचं पाणी पर्जन्यजलवाहिन्या आणि नाल्यांतून खाडीला किंवा समुद्राला मिळतं. कागदावर या दोघांची गाठ पडायचं कारण नाही. प्रत्यक्षात ती अनेक ठिकाणी पडते. रस्त्यावर गुडघाभर पाणी साचलं, की ते मेनहोलच्या झाकणाच्या फटींतून मलवाहिनीत शिरतं. पाणी लवकर ओसरावं म्हणून कोणीतरी झाकणच उघडतं. हे किती धोक्याचं आहे, ते 29 ऑगस्ट 2017 रोजी पुन्हा दिसलं. त्या दिवशीच्या पुरातून चालत निघालेले डॉ. दीपक अमरापूरकर अशाच उघड्या मेनहोलमध्ये पडून दगावले.

तिसरी वाट आपल्याच गच्चीवरून येते. अनेक इमारतींत गच्चीचा पावसाळी पाइप पर्जन्यजलवाहिनीला न जोडता जवळच्या सांडपाण्याच्या चेंबरमध्ये सोडलेला असतो, कारण जोडायला ते सोपं असतं. याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. 300 चौरस मीटरच्या गच्चीवर तासाला 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर तासाभरात 15,000 लिटर पाणी खाली येतं. त्याच इमारतीत 16 घरं आणि घरटी चार माणसं धरली, माणशी रोज 135 लिटर हा सरकारी निकष लावला, तर सगळ्या इमारतीचं दिवसभराचं सांडपाणी 8,640 लिटर भरतं. म्हणजे अख्ख्या दिवसात जितकं सांडपाणी जातं, त्याच्या पावणेदोन पट पाणी ती गच्ची एका तासात मलवाहिनीत ओतते. गल्लीतल्या दहा इमारतींनी हेच केलं, तर वाहिनी तुडुंब भरणारच.

वाहिनी भरली, की पाणी मेनहोलमध्ये चढू लागतं. मेनहोल आणि आपल्या न्हाणीघराची जाळी एकाच सलग पाइपाने जोडलेली असतात. त्यामुळे मेनहोलमध्ये पाणी जितकं उंच, तितकंच ते आपल्या पाइपातही चढतं. वाटेत सर्वांत खालचं उघडं तोंड जिथे सापडेल, तिथून ते बाहेर पडतं. हे तोंड बहुधा तळमजल्यावरच्या न्हाणीघराची जाळी असतं.

जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो आणि तो पाणी अडवेल, असा अनेकांचा समज असतो. ट्रॅपचं काम वेगळं आहे. त्यात साधारण पाच सेंटिमीटर पाणी कायम साठून राहतं आणि त्यामुळे गटाराचा वायू, झुरळं घरात येत नाहीत. खालून येणाऱ्या पाण्याला तो काहीच आडकाठी करत नाही.

पाणसळ सांगते ती गोष्ट

आपल्या घराला धोका किती, हे मोजायला महागडी उपकरणं लागत नाहीत. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी, म्हणजे पाणसळ, पुरते. नळीचं एक टोक रस्त्यावरच्या मेनहोलपाशी उभं धरायचं आणि दुसरं न्हाणीघरात. नळीत हवेचे बुडबुडे नाहीत ना, ते पाहून घ्यायचं. दोन्ही टोकांत पाणी स्थिरावलं, की ते एकाच पातळीला असतं. मग एकाने मेनहोलच्या झाकणापासून त्या पाण्यापर्यंतची उंची मोजायची, दुसऱ्याने जाळीपासून. दोन आकड्यांतला फरक म्हणजे आपली जमीन रस्त्यापेक्षा किती खाली किंवा वर आहे, त्याचं उत्तर. मेनहोल आपल्या जोडणीच्या वरच्या अंगाचं, म्हणजे जिकडून वाहिनी वाहत येते त्या बाजूचं घ्यावं.

समजा, झाकणापासून पाणी 60 सेंटिमीटरवर आहे आणि जाळीपासून 80 वर. म्हणजे न्हाणीघर रस्त्यापेक्षा 20 सेंटिमीटर खाली. जुन्या मुंबईत हे नवलाचं नाही. डांबराचे थर आणि नंतर काँक्रीट चढत गेलं, रस्ते उंचावले आणि इमारती जिथल्या तिथे राहिल्या. आता रस्त्यावर 15 सेंटिमीटर पाणी साचलं आणि ते मलवाहिनीत शिरलं, तर न्हाणीघरात पाणी जमिनीपासून 35 सेंटिमीटरपर्यंत चढू शकतं. त्याहून वर ते जाणार नाही.

हा आकडा हाती आला, की पुष्कळ गोष्टी उलगडतात. खुर्चीसारख्या कमोडची कड साधारण 40 सेंटिमीटरवर असते, म्हणून त्यातून पाणी बाहेर पडणार नाही. जमिनीलगतच्या भारतीय पद्धतीच्या शौचकुपातून मात्र नक्की पडेल. जाळीवर पाट-बादली का चालत नाही, तेही कळतं. दहा सेंटिमीटर व्यासाच्या जाळीवर 35 सेंटिमीटर पाण्याचा दाब म्हणजे जेमतेम पावणेतीन किलोचा जोर. वजन म्हणून भरलेली बादली त्याला भारी पडते, पण लाकूड आणि लादी यांच्यामधली फट ती बुजवू शकत नाही. रबरी बूच घट्ट बसवलं तर जाळी बंद होते, मात्र मग पाणी शौचकुपाकडे वळतं. एक तोंड बंद केल्याने पातळी उतरत नाही.

न्हाणीघराची जमीन मेनहोलच्या झाकणापेक्षा चांगली वर असेल आणि तरीही पाणी येत असेल, तर बहुधा दोष बाहेरचा नाही. आपल्याच पाइपात कुठेतरी तुंबलंय. याची खूण सोपी आहे. तुंबलेला पाइप कोरड्या दिवशीही त्रास देतो. वरच्या मजल्यावर कोणी कपड्यांचं मशीन चालवलं की खाली पाणी येतं आणि ते लवकर उतरत नाही. बाहेरून उलटलेलं पाणी जोरदार पावसातच येतं, तळमजल्याच्या सगळ्या घरांत साधारण एकाच वेळी येतं आणि पाऊस थांबल्यावर आपोआप जातं. खात्री करायची तर आवारातलं शेवटचं चेंबर, म्हणजे रस्त्यालगतचं, उघडून पाहावं. ते भरलेलं असेल तर अडथळा बाहेर आहे. ते रिकामं आणि आतलं चेंबर भरलेलं असेल, तर या दोघांच्या मधल्या पाइपात काहीतरी अडकलेलं आहे. तिथे झडप बसवून उपयोग नाही, पाइप साफ करावा लागेल.

झडप काय करते

सांडपाण्याच्या पाइपासाठीची झडप दिसायला अगदी साधी असते. आडव्या पाइपाच्या मधोमध एक पेटी, तिच्यावर उघडता येणारं झाकण आणि आत वरच्या बाजूला बिजागरीवर लोंबणारा एक पडदा. पडद्याच्या मागच्या बैठकीवर रबराची कडी असते. घरातून पाणी आलं की पडदा पुढे उचलला जातो आणि पाणी निघून जातं. बाहेरून पाणी आलं की तोच दाब पडद्याला कडीवर घट्ट टेकवतो. पाणी जितकं चढेल तितका पडदा जास्त आवळून बसतो. वीज लागत नाही, कोणी चालू-बंद करावं लागत नाही. काही झडपांना वरून फिरवायची कुलूपपट्टीही असते, म्हणजे घर बंद ठेवून गावी जाताना पडदा मिटवून पक्का करता येतो.

पाण्याच्या पंपाला लावतात ती पितळी एनआरव्ही मात्र इथे चालत नाही. तिच्या आत स्प्रिंग असते आणि वाट अरुंद असते. स्वच्छ पाण्यासाठी ती उत्तम, पण सांडपाण्यातले केस, कागद, मैला तिच्यात अडकून राहतात. दुकानात मागताना “सांडपाण्याच्या लाइनची, 110 मिलिमीटरची” असं व्यास सांगून मागावं. पेटीवर बाण असतो, त्याचं टोक रस्त्याकडे हवं. झडप उलटी बसली तर आपलंच पाणी अडेल आणि बाहेरचं खुशाल आत येईल.

मिटलेल्या झडपेमागे

आता मुख्य मुद्दा. सोसायटी खर्च करते आणि शेवटच्या चेंबरपाशी सगळ्या इमारतीसाठी एकच झडप बसवते. पुढच्या मुसळधार पावसात वाहिनी भरते, झडप चोख मिटते आणि तरीही तळमजल्यावर पाणी येतं. सगळे म्हणतात, झडप बोगस निघाली. झडपेने तिचं काम केलेलं असतं. ते पाणी वरच्या मजल्यांचं असतं.

आपल्या 16 घरांच्या इमारतीचाच हिशेब पुढे नेऊ. झडपेच्या मागे तीसेक मीटर पाइप आणि तीन छोटी चेंबरं आहेत. तळमजल्याच्या जाळीपर्यंत पाणी येण्याआधी त्यांत साधारण 700 लिटर मावतात. दिवसाची सरासरी काढली, तर इमारत तासाला 360 लिटर सांडपाणी सोडते. सकाळच्या गर्दीत ते तिप्पट, म्हणजे सुमारे 1,000 लिटर होतं. झडप दुपारी मिटली तर जवळजवळ दोन तास मिळतात. सकाळी सात वाजता मिटली तर पाऊण तासाच्या आत वरच्यांच्या अंघोळीचं पाणी तळमजल्याच्या जाळीतून वर येईल. आणि गच्चीचा पावसाळी पाइप त्याच चेंबरमध्ये सोडलेला असेल, तर तासाला 15,000 लिटरच्या हिशेबाने 700 लिटरची जागा भरायला तीन मिनिटंही लागत नाहीत.

म्हणून क्रम असा असायला हवा. पहिलं काम म्हणजे गच्चीचं पाणी सांडपाण्याच्या लाइनमधून काढून पावसाळी गटारात नेणं. कोणता पाइप कुठे जातो याबद्दल शंका असेल, तर गच्चीवरच्या तोंडात रंगीत पाण्याची बादली ओतावी आणि खाली चेंबरची झाकणं उघडून रंग कुठे दिसतो ते बघावं.

दुसरं काम म्हणजे तळमजल्याची लाइन वेगळी करणं. वरच्या मजल्यांचे उभे पाइप झडपेतून नेऊ नयेत, ते थेट शेवटच्या चेंबरमध्ये सोडावेत. त्यांना झडपेची गरजच नसते. बाहेर पाणी 35 सेंटिमीटर चढलं तरी त्यांचं सर्वांत खालचं तोंड पहिल्या मजल्यावर, तीन मीटर उंच असतं. त्या उंचीच्या जोरावर वरचं पाणी भरलेल्या वाहिनीतही वाट काढतं. या लाइनवर आवारात मधे चेंबर असेल, तर त्याचं झाकण घट्ट मिटणारं हवं, नाहीतर ते चेंबरच खालचं उघडं तोंड ठरेल. झडप फक्त तळमजल्याच्या वेगळ्या लाइनवर बसवावी. अमेरिकेतल्या प्लंबिंग नियमांत नेमकं हेच लिहिलेलं आहे. वरच्या अंगाच्या मेनहोलच्या झाकणापेक्षा खाली असलेली तोंडंच झडपेमागे ठेवायची, बाकीची नाही. अशी व्यवस्था केली, की झडप मिटलेली असताना पाणी सोडणारी घरं फक्त तळमजल्याची उरतात. त्या दोन-तीन तासांत त्यांनी अंघोळ, मशीन, फ्लश थांबवला, की पुरतं.

जिथे तेही शक्य नाही, उदाहरणार्थ तळघरात दवाखाना किंवा हॉटेलचं स्वयंपाकघर आहे, तिथे झडप पुरत नाही. तिथलं सांडपाणी एका टाकीत गोळा करून पंपाने उचलावं लागतं. पंपाचा पाइप आधी रस्त्याच्या पुराच्या पातळीच्या वर न्यायचा आणि मगच खाली वाहिनीत उतरवायचा, म्हणजे उलटा येणारा प्रवाह ती कमान ओलांडू शकत नाही.

मुंबई शहराची गत याहून वेगळी नाही. समुद्राला मिळणाऱ्या काही नाल्यांच्या तोंडांशी पूरदरवाजे आहेत. भरतीला ते मिटतात आणि समुद्राचं पाणी शहरात येऊ देत नाहीत. पण तेवढा वेळ शहरातलं पावसाचं पाणीही आतच अडतं. भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की दरवाजे असूनही सखल भाग बुडतात. म्हणूनच 1993 च्या ब्रिमस्टोवॅड अहवालात वाहिन्या मोठ्या करण्याबरोबर उदंचन केंद्रंही सुचवली होती. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झालेल्या 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर त्या कामाला वेग आला. हाजी अली, इर्ला इथल्या केंद्रांचे पंप मिटलेल्या दरवाजाच्या आतलं पाणी उचलून समुद्रात टाकतात.

आवारातली स्वस्त सोय

जुन्या बांधकामात एक शहाणपण होतं. न्हाणीघराचं पाणी भिंतीबाहेरच्या गल्ली ट्रॅपमध्ये पडायचं आणि त्याची जाळी न्हाणीघराच्या जमिनीपेक्षा खाली असायची. वाहिनी उलटली तर मैलापाणी आधी आवारात यायचं, घरात नाही. ऑस्ट्रेलियात अशी बाहेरची जाळी घरातल्या सर्वांत खालच्या तोंडापेक्षा किमान 15 सेंटिमीटर खाली ठेवणं नियमानेच सांगितलं आहे. आपल्याकडे पुढे आवारात पेव्हर ब्लॉक आले, जमीन वीतभर उंचावली, गल्ली ट्रॅपची जाळीही तिच्याबरोबर वर घेतली गेली आणि ही सोय संपली. आवाराचं काम निघालं असेल, तर ही जाळी पुन्हा खाली आणता येते का, ते आधी पाहावं. यात हलणारा भाग नसल्याने बिघडण्यासारखं काही नाही.

झडप फसते कशी

झडपेचा शत्रू म्हणजे बैठकीवर अडकलेली छोटी वस्तू. ओला टिश्यू, सॅनिटरी पॅडचा तुकडा, केसांचा गुंता, लादी बसवताना वाहून गेलेला सिमेंटचा राळा. पडदा अर्धा सेंटिमीटर उघडा राहिला तरी घर भरायला तेवढी फट पुरते. स्वयंपाकघरातलं तेल कडीवर थिजतं आणि पडदा चिकटून बसतो. मग पाणी बाहेर जाणंही मंदावतं.

म्हणून झडप हाताला पोहोचेल अशा उथळ चेंबरमध्येच बसवावी. लादीखाली गाडलेली झडप दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत विसरली जाते. मे महिन्यात एकदा आणि पावसाळ्याच्या मध्यावर एकदा पेटीचं झाकण काढावं, पडदा हाताने उचलून सोडावा, बैठक पुसावी, रबराची कडी तडकलेली असेल तर बदलावी. चाचणी घ्यायची असेल तर पुढच्या चेंबरचं बाहेर जाणारं तोंड तात्पुरतं बुजवून त्यात नळीने पाणी भरावं. पाइप बुडाल्यावर पंधरा मिनिटं मागच्या चेंबरकडे लक्ष ठेवावं. तिथे पातळी वाढली, तर झडप गळते आहे. बुजवलेलं तोंड मोकळं करायला मात्र विसरू नये. हे सगळं हातमोजे घालून, वरून करायचं. खोल चेंबरमध्ये कोणालाही उतरवू नये. तिथला विषारी वायू क्षणात जीव घेतो, आणि सुरक्षेच्या साधनांविना माणसाला गटारात उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे.

पाणी घरात आलंच, तर आधी तळमजल्याची वीज मेन स्विचला बंद करावी, पण तिथे पोहोचायला पाण्यातून जावं लागत असेल तर जाऊ नये. पाणी उतरल्यावर जमीन साबणाने धुऊन मग ब्लीचिंग पावडर वापरावी. तिच्यात ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर मिसळू नये, त्यातून क्लोरीन वायू निघतो. सोसायटीच्या भूमिगत टाकीच्या झाकणापर्यंत मैलापाणी पोहोचलं असेल, तर टाकी धुऊन निर्जंतुक होईपर्यंत ते पाणी पिऊ नये. पायाला जखम असेल आणि या पाण्यात वावर झाला असेल, तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका लक्षात घेऊन लगेच डॉक्टरांना भेटावं.

सोसायटीच्या पुढच्या सभेत हा विषय निघाला, तर झडपेचं कोटेशन मागवण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं मागा. आपली जमीन मेनहोलपेक्षा किती खाली आहे? गच्चीचं पाणी कुठे जातं? तळमजल्याची लाइन वेगळी करता येते का? उत्तरं मिळाली, की परवानाधारक प्लंबरकडून काम पावसाळ्याआधी करून घ्या. ती न मिळवता बसवलेली झडप फक्त एवढंच बदलेल, की रस्त्याच्या पाण्याऐवजी शेजाऱ्यांचं पाणी घरात येईल.